सांगू नका त्याला!

"सांगू नका रे त्याला!" दुसरीतली एक मुलगी उठून ओरडली. मी लिहिलेल्या बालनाट्याच्या तालमीत कोल्ह्याने समोर बसलेल्या मुलांना विचारलं होतं, ससा कुठे लपलाय? निम्मी मुलं झुडपाकडे बोट दाखवत होती, निम्मी मुद्दाम विहिरीकडे.

घरी येऊन त्या जागी दोन संवाद लिहिले. विहीर जास्त ऐकू आली तर कोल्हा तिकडे धावेल. झुडूप आलं तर ससा आधीच निसटलेला असेल. दोन्ही वाटा पुढच्या त्याच प्रवेशात पोचतात. मुलांना विचारलंय, तर त्यांच्या उत्तराने काहीतरी हललंच पाहिजे.

गलका थांबवायची खूण सुरुवातीलाच शिकवायची: घुबडाने पंख उचलले की सगळ्यांचे हात वर, आवाज बंद. नाहीतर पुढचं वाक्य बुडतं.

आणि सगळी गप्पच बसली, तर कोल्ह्याने काय करावं?