‘नका’ कुठे गेला? साफसफाईच्या व्हिडिओचा मेटाडेटा, दुसरी फेरी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की संडास-बाथरूम सफाईचा सात मिनिटांचा व्हिडिओ एकदाचा चढवला. शीर्षक, वर्णन, टॅग सगळं भरून मी निवांत झाले होते. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला.

“अगं, ते ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किती-किती घ्यायचं?”

माझं धाबंच दणाणलं. व्हिडिओ होता तो नेमका उलट सांगणारा. शीर्षक होतं, ‘ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून संडास कधीही साफ करू नका’. आत्याने व्हिडिओ उघडलाच नव्हता, नुसती यादी चाळली होती. तिच्या फोनवर दिसत होतं ते एवढंच: ‘ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून संडास…’. पुढचं सगळं तीन टिंबांत गेलं होतं. म्हणजे इशारा म्हणून लिहिलेलं वाक्य कृती म्हणून वाचलं जात होतं.

मराठीत नकार शेवटी येतो, ही यातली खरी अडचण. शीर्षकाला यूट्यूब 100 अक्षरांची मुभा देतं, पण फोनवरच्या याद्यांमध्ये त्याच्या बरंच आधी कात्री लागते, आणि कुठे लागेल ते पडद्यावर अवलंबून. शिवाय युनिकोडमध्ये प्रत्येक मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजला जातो. ‘स्वच्छता’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत आठ भरतात. त्यामुळे आपली वाक्यं वाटतात त्यापेक्षा लांब असतात आणि ‘नका’ सगळ्यात आधी बळी जातो.

नवं शीर्षक असं केलं:

```
मिसळू नका: ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर | संडास-बाथरूमची सफाई
```

हे 56 भरतं. जुनं 58 होतं, म्हणजे लांबी जवळजवळ तीच. फरक क्रमाचा आहे: आता कुठेही तोडा, उरलेल्या तुकड्याचा अर्थ उलटा होत नाही. आधी मधे ‘आणि’ऐवजी अधिकचं चिन्ह टाकलं होतं, जागा वाचते म्हणून. मग लक्षात आलं की दोन बाटल्यांमध्ये अधिक म्हणजे पाककृतीच. काढून टाकलं. थंबनेलवरही तोच घोळ होता. लाल फुली मी उजव्या कोपऱ्यात खाली ठेवली होती आणि नेमकी तिच्यावर व्हिडिओच्या वेळेची काळी पट्टी बसत होती. फुली आता दोन बाटल्यांच्या मधोमध, वर.

त्यानंतर त्याच नजरेने बाकीचं तपासायला घेतलं. प्रकरणांच्या यादीत मी लिहिलं होतं ‘1:10 ब्लीच आणि ॲसिड’. नुसतं एवढंच! प्रगतीच्या पट्टीवर बोट ठेवलं की हेच नाव वर उमटतं, आजूबाजूला काहीही संदर्भ नसताना. दुरुस्त केलेली यादी:

```
0:00 आज काय साफ करणार
0:35 खिडकी उघडा, हातमोजे घाला
1:10 मिसळू नका: ब्लीच आणि ॲसिड
2:20 फरशीचे डाग
4:05 संडासाचं भांडं
5:40 पाण्याने धुणं आणि हवा
```

(नव्यांसाठी: पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण कमीत कमी 10 सेकंदांचं हवं. यातलं एक चुकलं तरी प्रकरणं दिसतच नाहीत.)

सबटायटलने सर्वात जास्त वेळ खाल्ला. मी बोलताना नैसर्गिकपणे ‘ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र वापरू नका’ असं म्हटलंय, आणि फाइलमध्ये ते दोन ओळीखंडांत तुटलं होतं. पहिला खंड ‘…एकत्र’ वर संपायचा, ‘वापरू नका’ पुढच्या खंडात यायचं. आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला दीड-दोन सेकंद चुकीचा सल्ला दिसत होता. चढवलेल्या व्हिडिओचा आवाज नव्याने भरता येत नाही, त्यामुळे शब्द तेच ठेवून दोन खंड एकत्र केले आणि वेळ वाढवली:

```
14
00:01:14,200 --> 00:01:18,400
ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर
एकत्र वापरू नका.
```

पुढच्या व्हिडिओत बोलतानाच ‘मिसळू नका’ आधी म्हणायचं ठरवलंय. थोडं कृत्रिम वाटेल, वाटू दे.

आता वर्णन. जागा 5000 अक्षरांची, पण ‘आणखी’ न दाबता दिसतात त्या सुरुवातीच्या ओळी. आधी तिथे माझं ‘नमस्कार मंडळी’ होतं. ते हाकललं आणि इशारा वर आणला. पण तो लिहिताना एक वेगळाच प्रश्न आला. ‘टॉयलेट क्लीनर’ हे नाव पुरेसं आहे का? बरेचसे टॉयलेट क्लीनर आम्लाचे असतात, हायड्रोक्लोरिक वगैरे. पण काही स्वतःच ब्लीचचे असतात. अशा बाटलीवर कोणी व्हिनेगर ओतलं तर माझा इशारा शब्दशः पाळूनही घोटाळा होणार. म्हणून वर्णनात घटकाचं नाव दिलं:

“मिसळू नका: लेबलवर ‘सोडियम हायपोक्लोराइट’ लिहिलेली कोणतीही बाटली आणि कोणतंही ॲसिड (व्हिनेगर, लिंबूसत्वसुद्धा). क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही नको, त्यातून क्लोरामाइनचे वायू निघतात. डोळे-घसा चुरचुरला, खोकला आला तर सगळं तिथेच सोडून बाहेर मोकळ्या हवेत जा. उतारा म्हणून वर आणखी काही ओतू नका. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच आपत्कालीन मदत बोलवा.”

रसायनाची बाजू आवडणाऱ्यांसाठी खाली एक ओळ ठेवली आहे:

```
NaOCl + 2HCl → Cl2 + NaCl + H2O
```

एका मैत्रिणीने सुचवलं की खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरही या यादीत टाक. मी नाही टाकलं. त्यातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि उरतं ते बहुतांशी पाणी आणि सोडियम ॲसिटेट. फेस दिसतो छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, डाग राहतो तिथेच. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत मात्र दाब वाढून ती फुटू शकते, ते मी वेगळं, खाली लिहिलंय. क्लोरीनच्या शेजारी त्याला बसवलं असतं तर लोकांनी दोन्ही सारखंच हलक्यात घेतलं असतं.

टॅगांचं थोडक्यात. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात त्यांचा वाटा फार कमी, उपयोग मुख्यतः चुकीच्या शुद्धलेखनासाठी. म्हणून ‘ब्लिच’ आणि ‘टॉयलेट क्लिनर’ ही ऱ्हस्व रूपं घातली. ‘ब्लीच टॉयलेट क्लीनर एकत्र चालतं का’ हा टॅग ठेवावा की नाही यावर मात्र बराच घोळ घातला. शेवटी ठेवला. जो माणूस हे शोधतोय, त्याच्यासाठीच तर हा व्हिडिओ आहे.

काल आत्याला लिंक पुन्हा पाठवली. तिचं उत्तर: “हो, ‘नका’ दिसलं. पण मग भांडं साफ कशाने करायचं?”

बरोबर आहे तिचं. वरच्या दोन ओळींत मी नुसतं नकोच सांगितलंय. आज वर्णनात इशाऱ्याच्या लगेच खाली हे घातलं: ‘एका वेळी एकच क्लीनर, लेबलवर दिलेल्या प्रमाणात, 4:05 पासून बघा.’ आता फोनवर ‘आणखी’ न दाबता ही ओळ दिसते का, ते तिच्याच फोनवर तपासायचंय.