देव गळालेलं 'देव करो'

स्पेनमधल्या ग्रानादात मी दोन वर्षं ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्यांना मनातल्या मनात काका-काकूच म्हणायचे. काकू रविवारची मिस्सा चुकवायच्या नाहीत. काका त्यांना चर्चच्या दारापर्यंत सोडायचे आणि समोरच्या बारमध्ये कॉफी घेत बसायचे. "देवाचं तिला विचार, मला फुटबॉलचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

डिसेंबर आला की या निरीश्वरवाद्याच्या घरात एक श्रद्धास्थान तयार व्हायचं, ते म्हणजे फ्रिजचं दार. नाताळच्या सोडतीचं वीस युरोंचं तिकीट तिथे लोहचुंबकाखाली लावलेलं असे. येताजाता काका त्यावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "ओहाला!" म्हणजे 'लागो एकदाची!'

माद्रिदकडे हा शब्द घशातून खरवडत 'ओख़ाला' असा येतो, इकडे दक्षिणेला, अंदालुसियात, त्या 'ख़'चा मऊ 'ह' होतो. एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तुम्ही आत्ता अल्लाचं नाव घेतलंत." ते हसले. "माहितेय ग. इन्शाल्ला."

स्पेनमध्ये जवळजवळ सगळे हेच सांगतात आणि इथेच थोडी गफलत आहे. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ओख़ालाचं मूळ 'इन्शाल्ला' दिलेलं नाही. तिथे आहे 'लॉ शा ल्लाह', अंदालुसियातल्या बोली अरबीतलं. सुरुवातीचा 'ल' गळाला, 'लॉ'चा 'ओ' झाला आणि शेवटच्या अल्लाचा जेमतेम 'ला' उरला. मधला 'श' जुन्या स्पॅनिशमध्ये शाबूत होता. पुढे भाषेतल्या सगळ्याच 'श'चा 'ख़' झाला, त्यात हाही गेला. पोर्तुगीजांनी मात्र तो जपला. ते अजून 'ओशाला' म्हणतात.

एका अक्षराचा हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. अरबीत 'जर'साठी 'इन' आणि 'लॉ' असे दोन शब्द आहेत. घडू शकेल अशा गोष्टीसाठी 'इन', घडली नाही किंवा घडणं अवघड अशा गोष्टीसाठी 'लॉ'. म्हणून 'इन्शाल्ला' लागतं ते बेताला: उद्या येतो, इन्शाल्ला. 'लॉ शा अल्लाह' म्हणजे 'अल्लाच्या मनात असतं तर'. कुराणात ते पुष्कळदा येतं, अल्लाच्या मनात असतं तर त्यानं तुम्हा सगळ्यांचा एकच समाज केला असता, अशा अर्थानं. अर्थात तसं त्यानं केलेलं नाही.

ओख़ाला आजही हा फरक पाळतं. भाजीबाजारातला मोरोक्कोचा तरुण मला सांगायचा, "उद्या मेथी आणतो, इन्शाल्ला." तिथे ओख़ाला चालणारच नाही. स्पॅनिश माणूस त्या जागी 'सी दिओस किएरे' म्हणतो, 'देवाची इच्छा असेल तर'. ओख़ाला येतं ते आपल्या हातात नसलेल्या गोष्टीला, आणि मागोमाग क्रियापदाचं खास रूप मागतं. ते शिकताना वर्गातले जर्मन पार घामाघूम झाले होते. मला मराठीनं तारलं. 'ओख़ाला ल्युएवा' म्हणजे पाऊस पडो. 'ओख़ाला ल्योविएरा' म्हणजे पडला तर काय बहार होईल, पण लक्षण दिसत नाही. 'ओख़ाला उबिएरा ल्योविदो' म्हणजे पडला असता तर बरं झालं असतं. पडो, पडला तर, पडला असता तर! आशा पायरी-पायरीनं उतरत जाते, पण पहिला शब्द जागचा हलत नाही.

त्यातही एक गंमत आहे. पैगंबरांचं एक वचन हदीसमध्ये आहे: काही वाईट घडलं तर 'मी असं केलं असतं तर' म्हणत बसू नका, कारण 'लॉ' सैतानाला वाट करून देतो. आणि ज्या शब्दाच्या पोटात तो 'लॉ' विरघळला आहे, तोच शब्द स्पॅनिश माणूस हळहळण्यासाठी दिवसातून दहादा वापरतो.

यातला देव गेला कधी, याला तारीख नाही. तो गेल्याची खूण मात्र काकूंच्या बोलण्यात सापडते. भाच्याची परीक्षा होती तेव्हा त्या म्हणाल्या, "ओहाला दिओस किएरा." देव करो नि देवाची इच्छा असो! एका वाक्यात दोनदा देव, आणि कानाला काही खटकत नाही. कारण त्यांच्या लेखी देव फक्त दुसऱ्या शब्दात आहे. आपण तरी 'या भाषणात काही राम नाही' म्हणताना कुठे हात जोडतो?

याच ग्रानादात 1567 साली दुसऱ्या फिलिप राजाचं फर्मान निघालं: बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांनी, म्हणजे मोरिस्कोंनी, तीन वर्षांत स्पॅनिश शिकावं, त्यानंतर अरबी बोलणं, वाचणं, लिहिणं बंद, घरातसुद्धा. फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या वृद्ध मोरिस्कोनं अर्ज करून विनवलं की भाषा आणि धर्म या वेगळ्या गोष्टी आहेत, माल्टातले ख्रिस्तीही अरबीच बोलतात. कोणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी बंड पेटलं, आणि 1609 पासून मोरिस्कोंना देशाबाहेरच घालवलं. ज्यांनी घालवलं त्यांच्या तोंडी तोवर ओशाला कधीचं रुळलं होतं. त्याला कोणी हात लावला नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं त्यांनी असं रोज बोलून सिद्ध केलं, नकळत.

अरबीतून आलेला दुसरा शब्द मला काका-काकूंच्या मांजरानं शिकवला. मासे तळायला घेतले की ते काकूंच्या पायाला अंग घासायला लागे आणि त्या म्हणत, "आला बघ, थालामेरो!" लाडीगोडी लावणारा, गूळ लावणारा. हा शब्द आला 'थालेमा'वरून, म्हणजे कमरेत वाकून केलेला मुजरा. आणि थालेमा आला 'सलाम'वरून. एकमेकांना शांती चिंतण्याचा तो सलाम परक्यांना दिसला तो नुसता वाकताना, म्हणून वाकणंच शिल्लक राहिलं. मराठीतही 'सलाम ठोकणारा' म्हटलं की शांती कोणाच्या डोक्यात येत नाही. अंदालुसियात बरेच जण 'थ'चा 'स' करतात. त्यामुळे मांजराला हाक जाई ती 'सालामेरो', आणि मला मात्र दर वेळी त्यात सलाम ऐकू यायचा.

ओख़ालाच्या वाट्यालाही अशी थट्टा आली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या यादवी युद्धांत जो आपल्या पक्षाच्या विजयाची नुसती इच्छा करत घरी बसे, त्याला 'ओख़ालातेरो' म्हणत. उच्चार अगदी पत्र्याची कामं करणाऱ्या 'ओख़ालातेरो'सारखाच, फक्त पत्र्याच्या शब्दाला सुरुवातीला मुका 'एच' लागतो. काकांना हे सांगितलं तर ते फ्रिजकडे बघून म्हणाले, "म्हणजे मीच की."

22 डिसेंबरला सकाळपासून टीव्हीवर शाळकरी मुलं एका सुरात आकडे गात होती. काका तिकीट हातात धरून बसले होते. दुपारपर्यंत आमचा आकडा आला नाही. काकूंनी टीव्ही बंद केला, तिकीट चार घड्या करून कचऱ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लागेल, सी दिओस किएरे."

काका रिकाम्या लोहचुंबकाकडे बघत म्हणाले, "ओहाला."