शी धरून ठेवणारा आमचा अडीच वर्षांचा मुलगा

मुलगा सोफ्याच्या मागे जायचा, पाय घट्ट जुळवायचा, चवड्यांवर उभा राहायचा आणि लालबुंद व्हायचा. सासूबाई कळवळून म्हणायच्या, "किती जोर लावतंय गं पोर!" लांबून तसंच दिसतं. दादरमधल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ बघताच सांगितलं, "हा जोर लावत नाहीये, आत धरून ठेवतोय. बाहेर काढणारं मूल खाली बसतं, पाय ताठ करत नाही."

हा फरक कळला आणि पुढचं सगळं उलगडत गेलं. कधीतरी एकदा कडक शी होते आणि गुदद्वाराला बारीक भेग पडते. शीवर लाल रेघ दिसते ती याच भेगेची. दुखलेलं मूल पुढच्या वेळी घाबरून आवळून धरतं. जितकी जास्त वेळ शी आत राहते तितकं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, खडा आणखी मोठा आणि कडक होतो, आणि पुढची शी आणखी दुखते. सतत भरलेलं मलाशय ताणलं गेलं की "शी आली" ही जाणीवच बोथट होते. आमच्याकडे चड्डीला पातळ डाग लागायचे, ते जुलाब नव्हते. अडकलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपत होती. अशा वेळी जुलाब समजून ते थांबवायचं औषध दिलं तर त्रास वाढतो.

डॉक्टरांनी आधी इतर कारणं चाचपली. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का, पोट फुगून उलट्या होतात का, वजन वाढतंय ना, शी कायम फितीसारखी बारीक होते का? यातलं काही असतं तर रस्ता वेगळा असता. मग पोट तपासताना डाव्या बाजूला खाली घट्ट गोळा लागला. त्या म्हणाल्या, आधी हा मोकळा करायचा, नंतर आहार. हे मला फार पटलं. खडा अडकलेला असताना वरून पेरू आणि पालेभाजी भरून काय होणार?

औषध होतं पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शरीरात जवळजवळ शोषली जात नाही आणि आतड्याला तिची सवय लागत नाही. मुलाचं वजन १२ किलो. पहिले काही दिवस किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १२ ते १८ ग्रॅमच्या दरम्यान, डॉक्टरांनी ठरवून दिलं तेवढं पाण्यात पूर्ण विरघळवून द्यायचं. त्या दिवसांत आम्ही घराबाहेर पडलो नाही, कारण आधी खडे आणि मग भरपूर पातळ शी झाली. नंतर रोजचा डोस किलोमागे ०.४ ग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. ज्यांना लॅक्ट्युलोजचं गोड सिरप दिलं जातं त्यांचंही काम त्याने होतं, पण पोटात वारा जास्त धरतो. सासूबाईंना एरंडेल द्यायचं होतं, शेजारच्या काकूंनी साबणाची कांडी सुचवली. डॉक्टर दोन्हीला ठाम नाही म्हणाल्या. गुदद्वाराला हात लागला की मुलाची भीती दुप्पट होते.

आहारात खरा बदल दुधाचा झाला. दिवसाला पाऊण लिटर दूध पोटात जात होतं, मग पोळी-भाजीला भूक कुठून राहणार? ते जेमतेम अर्ध्या लिटरवर आणलं. वरणात कुस्करलेली पोळी, पपई, भिजवलेले काळे मनुके, लाल भोपळ्याची भाजी. पाणी प्रत्येक खाण्यासोबत आणि खेळून आल्यावर. वयाला लागतं तेवढं पुरे, जबरदस्तीने जास्त पाजून शी मऊ होत नाही.

टॉयलेट ट्रेनिंग पूर्ण थांबवलं. नॅपीत करायची असेल तर नॅपीत, पण बाथरूममध्ये. दुखणं संपल्यावर नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसवायला लागलो, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. पायाखाली लाकडी पाट ठेवला. पाय लोंबकळत असले तर नीट जोर लावता येत नाही. झाली नाही तरी उठवायचं, रागवायचं नाही.

सगळ्यात अवघड होतं शी मऊ झाल्यावरही औषध चालू ठेवणं. घरातले सगळे म्हणायला लागले, आता बंद करा. डॉक्टरांचं उत्तर होतं: किमान दोन महिने द्यायचं, त्यातला निदान शेवटचा महिना काहीही त्रास नको, आणि नंतरही हळूहळू कमी करायचं. ताणलेल्या मलाशयाला आकसायला आणि मुलाला दुखणं विसरायला तेवढा वेळ लागतो. पावसाळ्यात ताप आला, खाणं-पिणं कमी झालं आणि तो पुन्हा सोफ्यामागे जाऊ लागला. डॉक्टरांना फोन करून डोस थोडा वाढवला आणि गाडी रुळावर आली.

सध्या डोस कमी करणं चालू आहे. शी पिकलेल्या केळ्याइतकी मऊ आहे ना एवढंच मी बघते आणि कॅलेंडरवर खूण करते. सलग दोन दिवस खूण झाली नाही किंवा तो पाय जुळवताना दिसला, तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आधीच्या डोसवर परत जायचं ठरलेलं आहे.