हातात पेला होता, पण तो दायोनिसस नव्हता

ब्रिटिश म्युझियमच्या तेरा नंबरच्या दालनात सोफिलोस या प्राचीन ग्रीक चित्रकाराचं एक मोठं भांडं आहे. वाइन आणि पाणी मिसळायचं हे गोल भांडं उंच बैठकीवर ठेवलेलं आहे, आणि बैठकीसकट त्याची उंची सुमारे ७१ सेंटीमीटर भरते. काळ साधारण इ.स.पू. ५८०. वरच्या पट्ट्यात वीर पेलेउस आणि समुद्रदेवी थेटिस यांच्या लग्नाला निघालेली देवांची वरात रंगवली आहे आणि जवळजवळ प्रत्येकाशेजारी त्याचं नाव लिहिलेलं आहे. लंडनला एम.ए. करताना आमच्या प्राध्यापक बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला या भांड्याचा फोटो दिला. अक्षरांवर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. "आधी हातात काय आहे ते बघून नावं लिही, मग पट्ट्या काढ," एवढंच त्या म्हणाल्या.

मी पुण्यात मूर्तिशास्त्र शिकून गेले होते. शंख-चक्र दिसलं की विष्णू, त्रिशूळ दिसला की शिव, ही सवय हाडीमाशी मुरलेली. ग्रीक देवांची आयुधंही पाठ केली होती. मद्याचा देव दायोनिसस, त्याची खूण म्हणजे द्राक्षवेल किंवा कांथारोस, म्हणजे दोन उंच कान असलेला पेला. फोटोत घरासमोर एक दाढीवाला पुरुष उभा होता आणि त्याच्या हातात नेमका तोच पेला. मी बिनदिक्कत 'दायोनिसस' लिहिलं.

पट्टी काढली तर खाली पेलेउस! म्हणजे खुद्द नवरदेव. खरा दायोनिसस मागे वरातीत चालत होता, हातात द्राक्षाची फांदी घेऊन. पेलेउस दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करतो आहे आणि स्वागताला पेला लागतोच. माझी चूक अशी झाली होती की मी फक्त वस्तू पाहिली. ती कुणाच्या हातात आहे, तो माणूस कुठे उभा आहे, कुणाकडे तोंड करून आहे, हे पाहिलंच नाही. देवळात मूर्ती एकटी असते म्हणून आयुधावर भागतं. या भांड्यांवर प्रसंग चाललेला असतो आणि प्रसंगात वस्तू कुणाच्याही हातात जाते.

वरातीच्या पुढच्या टोकाशीही तोच धडा मिळाला. निरोप्याचा दंड घेतलेली व्यक्ती सर्वांत पुढे होती. तो दंड हर्मीसचा, हे पाठ होतं. पण ही तर स्त्री. मग दूत असलेली स्त्री कोण? आयरिस. हे मात्र पट्टी काढण्याआधी जमलं.

तिच्या मागे जोडीजोडीने चालणाऱ्या चार स्त्रियांपाशी मी अडले. ओळख पटेल असं काहीच नाही. पट्ट्या काढल्यावर नावं निघाली: हेस्तिया, दिमितर, लेतो, खारिक्लो. खारिक्लो म्हणजे खायरोनची बायको, आणि खायरोन हा पेलेउसचा जिवलग. म्हणून तिला या लग्नात मान. ही नावं चित्रकाराने लिहिली नसती तर आज कुणालाही ती चित्रावरून सांगता आली नसती. माझ्या मते सोफिलोसला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याने नावं लिहिली. घराच्या खांबांमध्ये त्याने स्वतःचंही नाव टाकलं आहे, 'सोफिलोसने मला रंगवलं' असं, भांडंच बोलतंय अशा थाटात.

यानंतर मी अक्षरांवर जरा जास्तच विसंबू लागले. व्हॅटिकनमध्ये एक्झेकियास या अथेन्सच्या चित्रकाराचं एक भांडं आहे, त्यावर अकिलीस आणि अजॅक्स फाशांचा डाव खेळतायत. त्यावर एके ठिकाणी 'ओनेतोरिदेस' लिहिलंय. हा कोण वीर म्हणून मी संध्याकाळभर शोधत बसले. पुढचा शब्द वाचला असता तर शोध टळला असता: 'कालोस', म्हणजे सुंदर. ओनेतोरिदेस हा त्या काळच्या अथेन्समधला एक देखणा तरुण. त्याची स्तुती भांड्यावर लिहिलेली आहे, चित्राशी तिचा संबंध नाही. खेळाडूंच्या तोंडापाशी 'तेसारा' आणि 'त्रिया' आहे, तीही नावं नव्हेत. चार आणि तीन, पडलेलं दान ते बोलून दाखवतायत.

त्याच भांड्यावरची खरी नावं मात्र षष्ठीत आहेत: 'अकिलीसचा', 'अजॅक्सचा'. हे वाचताना मला नाणेघाट आठवला. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. देवी नायनिका आणि राजा सिरी सातकर्णी यांची नावंही तिथे षष्ठीतच आहेत. प्रतिमा नष्ट झाल्या, नावं राहिली. 'अमक्याची' म्हणजे अमक्याची प्रतिमा, हे मला घरच्या घाटात कधीच समजायला हवं होतं.

सत्राच्या शेवटी खरी परीक्षा होती. प्राध्यापक बाईंनी तळहाताएवढं एक खापर समोर ठेवलं. लाल मातीवर काळ्या आकृतीचं अथेन्सचं काम. हनुवटीच्या वरचा चेहरा तुटून गेलेला, खाली गळा, खांदा, छातीचा काही भाग आणि शेजारी एक उभी काठी. हनुवटीपाशी सुरू होणारी तीन अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. पहिलं अक्षर मध्ये आडवी पट्टी असलेल्या खिडकीसारखं. जुन्या अथेन्सच्या लिपीत तो 'ह'. एकूण 'हेर', आणि पुढे तुटलेलं.

'हेर'ने हेरा सुरू होते, हर्मीस आणि हेराक्लीसही. या लिपीत तिघांची पहिली तीन अक्षरं एकच आहेत. काठी राजदंडासारखी वाटली म्हणून मी हेरा म्हणाले.

"त्वचा बघितलीस?" बाईंनी विचारलं.

या पद्धतीत स्त्रियांची त्वचा काळ्यावर पांढरा रंग चढवून दाखवतात. तो पांढरा पुष्कळदा उडून जातो आणि मग स्त्रीही काळीच दिसते. पण जिथे तो होता तिथला काळा निस्तेज राहतो, चकाकत नाही. मी खापर दिव्याखाली तिरपं धरलं आणि हळूहळू फिरवलं. गळा कपड्याइतकाच चकाकला. भिंगातून पांढऱ्याचा एक कणही सापडला नाही, उलट टोकदार दाढीचं कोरलेलं टोक दिसलं. पुरुष होता. हेरा बाद.

राहिले दोघे. हेराक्लीस असता तर सिंहाच्या कातड्याचे पंजे छातीवर गाठ मारलेले दिसले असते आणि कातड्यावर केसांच्या बारीक रेघा. इथे साधी शाल होती, सरळ काठाची, लाल रंग लावलेली. काठी त्याच्या सोट्यासारखी जाड, गाठाळ नव्हती. सगळीकडे सारखीच बारीक. वरचं टोक तुटलेलं, त्यामुळे निरोप्याच्या दंडाचा वेढा तिथे होता की नाही, हे पाहता येत नव्हतं.

मी 'हर्मीस' लिहिलं. बाईंनी पेन पुढे केलं आणि मला कंस घालायला लावले. उरलेली अक्षरं मी भरली होती, खापरावर ती नव्हती, आणि हेराक्लीस कधीकधी कातड्याशिवायही रंगवलेला असतो. नोंदपत्रावर शेवटी असं गेलं: 'हेर[मेस], बहुधा. दाढीवाला पुरुष, शाल, बारीक दंड. दंडाचं टोक तुटलेलं.'