मेलची यादी जागेवर बसवताना

सकाळी मेल उघडला आणि एक सेकंद असं वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या कम्प्युटरवर बसलोय. रात्री अपडेट झालं होतं, मीच "नंतर करा, नंतर करा" म्हणत शेवटी हो म्हटलं होतं. आता डावीकडे फोल्डर, मधे एक अरुंद उभी पट्टी आणि त्यात प्रत्येक मेलचं छोटं कार्ड, वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली विषय, विषयही अर्धवट तुटलेला, आणि उजवीकडे उभा लांबलचक मेल. कॉलम गायब, हेडिंगची ओळ गायब. आणि आजचा एकही मेल नाही! वर सगळ्यात पहिला दिसत होता तो तीन वर्षांपूर्वीचा.

मेल आलेच नाहीत असं समजून मी दोनदा Get Messages दाबलं, मग पासवर्ड बिघडला का, नेट गेलं का, हे सगळं बघून झालं. दहा मिनिटं गेल्यावर सहज खाली स्क्रोल केलं, तर यादीच्या अगदी तळाशी आजचे अकरा मेल गुपचूप बसलेले. क्रम उलटा झाला होता, बाकी काही नाही. म्हणून सांगतो, अपडेटनंतर मेल "येत नसेल" तर सर्व्हरला शिव्या घालण्याआधी यादीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन या.

प्रोग्राम कुठला ते सांगत नाही, बिचारा एरवी चांगला आहे. शिवाय बदल त्यांनी चुकून केलेला नव्हता, त्यामागे कारण होतं. पूर्वीचे स्क्रीन जवळजवळ चौकोनी असायचे, आताचे आडवे पसरलेले. रुंदी भरपूर, उंची कमी, मग मेल खाली दाखवण्यापेक्षा शेजारी दाखवा, असा तो हिशोब. Outlook ने सुद्धा 2003 च्या आवृत्तीत वाचायचा भाग खालून उजवीकडे नेला होता, म्हणजे ही कल्पना काही कालची नाही. पण एकदा मेल शेजारी आला की यादीची रुंदी निम्मी होते आणि विषय, पाठवणारा, तारीख, साइज, अटॅचमेंट हे सगळे कॉलम त्या पट्टीत मावत नाहीत, मग एका मेलची एक ओळ मोडून दोन-तीन ओळींचं कार्ड करावं लागतं. म्हणजे कार्ड ही वेगळी हौस नव्हे, उभ्या मांडणीचंच ते पिल्लू आहे. हे डोक्यात शिरलं आणि दुरुस्तीचा क्रमही आपोआप ठरला. आधी मांडणी, मग टेबल, मग कॉलम, शेवटी क्रम.

मी अर्थातच उलटं केलं. आधी कॉलम शोधत बसलो. यादीच्या वरच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बटण असतं, त्यात Table View आणि Cards View असे दोन पर्याय. टेबल निवडलं, कॉलम आले, पण सगळे चेपलेले, विषयाच्या जागी पाच अक्षरं आणि तीन टिंबं. मग मी एकेक कॉलमची रेघ ओढून रुंदी ठरवायला लागलो, पंधरा मिनिटं घातली, आणि त्यानंतर मांडणी बदलली तेव्हा रुंदी सगळी पुन्हा विस्कटली. ती पंधरा मिनिटं पाण्यात.

मांडणी बदलायची जागा मेनूत आहे, आणि मेनूच दिसत नव्हता, ही अजून एक गंमत. Alt दाबलं की वर येतो. त्यात View, मग Layout, तिथे तीन नावं: Classic View, Wide View, Vertical View. आपल्याला हवं ते Classic, म्हणजे डावीकडे फोल्डर वरपासून खालपर्यंत, उजवीकडे वर यादी, यादीच्या खाली मेल. Wide मधे मेलचा भाग फोल्डरच्या खालीही पसरतो आणि फोल्डरची यादी बुटकी होते, ज्यांचे फोल्डर चार-पाचच आहेत त्यांना चालेल, माझे साठ आहेत, मला नाही चालत. Classic केल्यावर खालचा भागच दिसेना, तेव्हा परत धडधड. तो F8 ने बंद-चालू होतो, आणि या सगळ्या झटापटीत माझं बोट त्यावर पडलं असणार. पुन्हा F8 दाबलं, आला.

मग यादी आणि मेल यांच्यामधली रेघ. हे काम कुणी सांगत नाही पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. रेघ फार वर नेली तर यादीत सहा ओळी दिसतात आणि दिवसभर स्क्रोल, फार खाली नेली तर मेलचा नुसता माथा दिसतो. मी यादीला साधारण पंधरा ओळी देतो, सकाळचे मेल एका नजरेत मावतात आणि खाली वाचायलाही जागा उरते.

आता कॉलम. हेडिंगच्या ओळीच्या उजव्या टोकाला एक बारीकसं चिन्ह असतं, ते दाबलं की सगळ्या कॉलमची यादी उघडते, हव्यात त्यांवर टिक. क्रम बदलायला हेडिंगच पकडून ओढायचं. माझा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला: चांदणी, अटॅचमेंटची क्लिप, विषय, न वाचलेल्याचा ठिपका, पाठवणारा, तारीख, साइज. तो शास्त्रशुद्ध वगैरे नाही, पण डोळा तसाच पळतो. क्लिप विषयाच्या डावीकडे असली की "त्याने फाइल पाठवली होती तो मेल" शोधताना मी विषय वाचतच नाही, क्लिपांची उभी रांग बघत खाली जातो. क्लिप उजवीकडे गेली तर मला प्रत्येक ओळ वाचावी लागते, आणि मग लक्षात येतं की इतकी वर्षं आपण मेल वाचत नव्हतो, त्याचे आकार ओळखत होतो. त्याच मेनूत कॉलमचा क्रम मूळपदावर आणायचाही पर्याय आहे, तो मात्र प्रोग्रामच्या मूळपदावर आणतो, तुमच्या नाही. मी आशेने दाबला होता.

क्रमाचं म्हणाल तर तारखेच्या हेडिंगवर एक क्लिक, उलटं झालं तर अजून एक क्लिक, बाणाची दिशा बघायची. इतकंच, असं वाटतं. पण तारखा दोन-तीन प्रकारच्या असतात हे मला त्या दिवशी नीट कळलं. Date म्हणजे पाठवणाऱ्याच्या मेलवर लिहिलेली तारीख, त्याच्या कम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर तीही चुकीची. माझ्याकडे एक मेल पुढल्या वर्षीची तारीख लावून आलेला आहे, तो रोज सकाळी सगळ्यात वर हजर, नवीन मेल त्याच्या खाली. Received ही पोचल्याची वेळ, ती जास्त भरवशाची. आणि Order Received म्हणजे त्या फोल्डरमधे मेल ज्या क्रमाने येऊन पडले तो क्रम, त्यात तारखेचा संबंधच नाही. तो भारी वाटला म्हणून मी लावला, आणि संध्याकाळी जुने चाळीस मेल दुसऱ्या फोल्डरमधून इनबॉक्समधे हलवले, तर ते चाळीसच्या चाळीस वर जाऊन बसले, कारण इनबॉक्सच्या हिशोबाने ते आत्ताच आले ना. शेवटी Received वर आलो.

आणि थ्रेड. हा खरा खड्डा. तारीख नीट लावूनही यादी वेडीवाकडी दिसत असेल, म्हणजे मधेच मागच्या महिन्याचा मेल वर, तर बहुतेक वेळा मेल संवादाप्रमाणे गुंफलेले असतात, जुन्या मेलवर आज उत्तर आलं की अख्खी माळ वर येते आणि दिसतो तिचा पहिला, जुना मणी. View मधे Sort By, तिथे Threaded च्या जागी Unthreaded केलं की प्रत्येक मेल आपापल्या तारखेला जाऊन बसतो. हे नुसत्या दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. पण मिटलेली माळ निवडून Delete दाबलं की फक्त दिसणारा मेल जात नाही, आतले सगळे जातात. मला वाटलं मी एक जुनी सूचना उडवली, खाली आकडा बघितला तर नऊने कमी. Ctrl+Z ने परत आले, पण तो आकडा माझ्या नजरेला पडला नसता तर? म्हणून अपडेटनंतर पहिल्या दिवशी काहीही डिलीट करू नका, आधी बघा ओळीच्या डावीकडे छोटा बाण आहे का. असेल तर तो एक मेल नाही, कुटुंब आहे.

एवढं सगळं इनबॉक्सला केलं, खूष झालो, आणि शेजारचा फोल्डर उघडला. तिथे जुनंच रामायण! प्रत्येक फोल्डर आपले कॉलम आणि आपला क्रम स्वतःकडे वेगळा लिहून ठेवतो, मांडणी तेवढी सगळ्यांना एकच. साठ फोल्डर म्हणजे साठ वेळा ओढाताण, असं मनात म्हणत चार फोल्डर हाताने केलेही. मग त्या कॉलमच्या मेनूत अगदी तळाशी Apply current view to सापडलं, त्यात एक फोल्डर किंवा तो आणि त्याच्या पोटातले सगळे असं निवडता येतं. अकाउंटच्या मुळाशी लावलं, "नक्की?" विचारलं, हो म्हटलं. फक्त एक करा, त्यानंतर Sent उघडून बघा. तिथे पाठवणाऱ्याच्या कॉलमला काही अर्थ नाही, ओळीने आपलंच नाव दिसणार, तिथे Recipient हवा. आणि ज्या फोल्डरला तुम्ही मुद्दाम वेगळा क्रम दिला होता, माझा बिलांचा फोल्डर पाठवणाऱ्याच्या नावाने लावलेला होता, तो या फटक्यात सगळ्यांसारखा होतो, तो परत हाताने लावायचा.

दुपारी सगळं पूर्वीसारखं झालं. एकदा नीट स्क्रीनशॉट काढून ठेवला, पुढच्या वेळी बघून लावायला. तो काढताना साइजच्या कॉलमकडे लक्ष गेलं, सगळ्यात उजवीकडे, ज्याच्यासाठी विषयाची रुंदी कमी केली होती. तो कॉलम मी शेवटचा कधी वाचला होता हे आठवेना. टिक काढून बघितली, तर विषय छान ऐसपैस झाला, आणि कडेला काहीतरी पडल्यासारखं वाटायला लागलं. परत लावला.