टाच फिरली पाहिजे

"सर, घरी पळायचे बूट आहेत. बॉक्सिंगच्या क्लासला तेच चालतील का वेगळे घेऊ? अनवाणी केलं तर?"

पळायच्या बुटांत पंचिंग बॅगवर जोर लावू नका, एवढं आधी सांगतो.

आमच्याकडे सहकारनगरचा एक मुलगा येतो. सकाळी तळजाई टेकडीवर पळायचा आणि त्याच बुटांत क्लासला यायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, उजवा गुडघा आतून दुखतोय. मी त्याला बॅगवर उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारायला लावला आणि हाताकडे न बघता मागच्या पायाकडे बघत राहिलो. कंबर फिरत होती, गुडघा आत वळत होता, पण बुटाचा चवडा रबराच्या मॅटला जणू चिकटलेला. नीट बघितलं तर बुटाच्या आत पाऊल वळायचं, लेस तिरकी ओढली जायची आणि बुटाचा तळ जागचा हलत नव्हता.

क्रॉस मारताना मागचा पाय चवड्यावर फिरतो आणि टाच बाहेर जाते. पळायच्या बुटाचा तळ सरळ पुढं जाताना पकड मिळावी म्हणून रुंद आणि खाचांचा केलेला असतो. तो जमिनीवर फिरत नाही, मग कंबरेचा सगळा पीळ गुडघा झेलतो. त्यात टाचेखाली जाड फोम. त्यावर उभं राहिलं की अंग डुलतं, जमीन पायाला कळत नाही.

त्याला बूट काढायला लावले. अनवाणी तोच क्रॉस मारला, टाच आपोआप फिरली. म्हणून मी आठवडाभर अनवाणीच ठेवला, आणि ती माझी चूक झाली. रोज दोरीउड्या आणि वर चवड्यावर फिरणं, त्यानं अंगठ्याखालची कातडी सोलली. शेवटी शाळेत पीटीला घालायचे तसले सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट आणले. दोन आठवड्यांत गुडघा शांत झाला. नसता झाला, तर मी त्याला डॉक्टरकडेच पाठवणार होतो.

बॉक्सिंग शूजमध्ये हेच सगळं असतं, पातळ सपाट तळ, आणि वर घोट्याला धरून ठेवणारी उंची. जोडीदारासमोर स्पारिंग सुरू झालं की घ्या, त्याआधी घाई नाही. कुस्तीचे बूट आधीच असतील तर तेही चालतील, फक्त ते मॅट धरून ठेवायला बनवलेले असतात, तेव्हा फिरतात का ते आधी बघा. किकबॉक्सिंग किंवा मुय थायला मात्र अनवाणीच, कारण बुटाची लाथ समोरच्याच्या बरगडीला बसते. तालमीतली मातीही अनवाणीच.

कोणतेही बूट घेतलेत तरी ते पिशवीतून आणा, दाराशी बदला. तळजाईचा खडा तळात अडकून आला की मॅट फाडतो.

आज क्लासला गेलात की दहा क्रॉस सावकाश मारा आणि कुणाला तरी तुमच्या मागच्या टाचेकडे बघायला सांगा.