निकालाचं शेवटचं पान

"मॅडम, राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात आता झोपेपासून हवामानापर्यंत सगळंच येतं. मग त्यातले खरे हक्क कोणते धरायचे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी निकाल हातात घेतला की आधी शेवटचं पान उघडते. हक्काची घोषणा मधल्या परिच्छेदांत असते, आदेश शेवटी असतो. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं हे तिथे सापडलं, तर माझ्या अशिलाच्या हाती काहीतरी आहे.

ओल्गा टेलिस खटला घ्या. जुलै 1981 मध्ये मुंबईतल्या फूटपाथवरच्या झोपड्या पाडून माणसांना गावी धाडायचं सरकारने ठरवलं. अर्जदारांमध्ये तामिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातून आलेला एक भूमिहीन मजूर होता. त्याची झोपडी पाडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं, पण कामाच्या शोधात तो मुंबईत परत आला. 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. परीक्षेत सगळे इथेच थांबतात.

पुढे वाचा. पालिका कायद्याचं कलम 314 आयुक्तांना नोटिशीशिवाय अतिक्रमण काढू देतं. कोर्टाने ते वैध ठरवलं, मात्र अपवादात्मक प्रसंग सोडले तर नोटीस द्यायलाच हवी, असा त्याचा अर्थ लावला. या अर्जदारांना आयुक्तांनी ऐकलं नव्हतं, पण आता आम्ही ऐकलं आहे, असं म्हणून पुन्हा सुनावणीची गरज नाही, असंही सांगितलं. पावसाळा असल्यामुळे 31 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या काढायच्या नव्हत्या. 1976 च्या गणनेत नोंद झालेल्या फूटपाथवासीयांना पर्यायी जागा द्यायची होती, पण ती आधी मिळाली तरच हटवायचं, अशी अट नव्हती. म्हणजे उपजीविकेच्या हक्कातून फूटपाथवरच्या माणसाला हाताला लागलं ते नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. मी ते कमी लेखत नाही, कारण एका नोटिशीने सामान हलवायला वेळ मिळतो, कोर्टात धाव घेता येते. पण ते घर नव्हे.

शिक्षणाचं वेगळं झालं. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हक्क मानला. 2002 च्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आलं, 2009 मध्ये कायदा झाला. आज आई कायद्याचं कलम दाखवून खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांबद्दल जाब विचारू शकते. हा हक्क मी निःशंक खरा धरते.

आणि नोव्हेंबर 2024 चा बुलडोझरचा निकाल वाचाल तेव्हा सावकाश वाचा. पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस हवी, नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. इतका नेमका आदेश क्वचित मिळतो. त्याच आदेशात अपवाद आहे: रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी, तलाव इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. फूटपाथवरच्या माणसाला अजूनही 1985 चाच निकाल घेऊन उभं राहावं लागतं.